ट्रुथ टेबल आणि सर्किट यांची एक्स्प्रेशन्स जुळत नाहीत

प्रश्न: लॅबच्या शीटचा फोटो जोडलाय. त्यात A, B, C चं ट्रुथ टेबल आहे, F चा कॉलम वरून खाली 0 1 0 1 0 0 1 1. शेजारी एक इनव्हर्टर आणि तीन नँड गेटचं सर्किट. दोन्ही एकाच फंक्शनचे आहेत असं शीटवर लिहिलंय. मला टेबलवरून चार टर्म मिळाल्या आणि सर्किटवरून A'C + A'B. चूक कुठे झाली?

उत्तर: टेबल तुम्ही बरोबर वाचलंत. सर्किटमधली एक तार वाचताना चुकली आहे, आणि ती कोणती हे फोटो मोठा न करताही काढता येतं.

आधी टेबल. ज्या ओळींत F = 1 आहे तेवढ्याच घ्यायच्या. त्या ओळीत इनपुट 0 असेल तर त्याच्यावर बार (इथे ' लिहितो), 1 असेल तर तसाच. ओळी 001, 011, 110 आणि 111 आहेत, म्हणून:

```
F = A'B'C + A'BC + ABC' + ABC
  = A'C(B' + B) + AB(C' + C)
  = A'C + AB
```

आता सर्किट. थेट शेवटचं एक्स्प्रेशन लिहायला जाऊ नका. प्रत्येक गेटच्या आउटपुटला फोटोवरच एक नाव द्या आणि डावीकडून उजवीकडे सरका. वरच्या नँडचं आउटपुट P, खालच्याचं Q. तुम्ही वाचलंत तसं धरलं तर P = (A'C)' आणि Q = (A'B)'. शेवटचा नँड Y = (PQ)' देतो, आणि डी मॉर्गनच्या नियमाने ते P' + Q', म्हणजे A'C + A'B होतं. तुमचं बीजगणित निर्दोष आहे. मात्र इथे बार कुठवर ताणलाय हे जपा: (AB)' आणि A'B' या वेगळ्या गोष्टी आहेत. A = 0, B = 1 ठेवलं की पहिलं 1 देतं, दुसरं 0.

मग तुमचं एक्स्प्रेशन आठही ओळींवर चालवून टेबलशी ताडून पाहा. ते 001, 010, 011 या ओळींत 1 देतं. टेबलशी न जुळणाऱ्या ओळी तीन: 010, 110, 111. तिन्हींत B = 1 आहे. B = 0 असलेल्या चारही ओळी जुळतात. B फक्त खालच्या नँडमध्ये जातो, म्हणून संशय त्याच गेटवर. 010 ला Y मध्ये 1 यायला नको होता आणि आला, 110 आणि 111 ला यायला हवा होता आणि आला नाही. म्हणजे त्या गेटला A च्या जागी A' मिळतोय. (011 मध्येही B = 1 आहे, पण तिथे वरचा गेट एकटाच Y ला 1 करतो, त्यामुळे चूक झाकली जाते.)

आता फोटोत त्या जागी बघा. A ची तार इनव्हर्टरच्या आधी फुटून खाली जाते. फाट्यावरचा ठिपका त्रिकोणाला अगदी चिकटून आहे आणि सावलीत गेलाय, त्यामुळे फाटा इनव्हर्टरच्या पुढून निघाल्यासारखा दिसतो. तो आधीचा धरला की Q = (AB)' आणि Y = A'C + AB, टेबलसारखंच.

फोटोत याहून जास्त वेळा हरवतो तो नँडच्या टोकाचा छोटा गोळा, आणि त्याचीही खूण ओळींतच सापडते. शेवटच्या गेटचा गोळा सुटला तर आठही ओळी उलट्या येतात. फक्त वरच्या गेटचा सुटला तर Y = A + C' होतं आणि 110, 111 एवढ्या दोनच ओळी जुळतात.

ही पडताळणी टेबल नीट वाचलं असेल तरच उपयोगी. कॉलमचे मथळे फोटोत कापले गेले असतील तर ते आधी शोधा. काही शीटमध्ये क्रम C, B, A असतो, आणि मग 001 ची ओळ C नव्हे तर A = 1 ची ठरते.

शीटच्या उत्तरात A'C + AB + BC दिसलं तर घाबरू नका, टेबल तेच आहे. BC ला 1 करणाऱ्या 011 आणि 111 या ओळी आधीच धरलेल्या आहेत. तरी ती टर्म मुद्दाम ठेवतात. B = C = 1 असताना A 1 वरून 0 झाला की AB लगेच बंद होतो, पण A' इनव्हर्टरमधून जरा उशिरा येतो, आणि तेवढ्या क्षणापुरता Y खाली पडू शकतो. BC तो खड्डा भरते.