मायनस नंबर गरजेपेक्षा जास्त लागलाय, हे कसं ओळखायचं?

"नवा चश्मा लागल्यापासून दूरचं एकदम लख्ख दिसतं, पण दुपारनंतर कपाळ ठणकायला लागतं. नंबर जास्त दिला गेला असेल का?"

असू शकतो, आणि लख्ख दिसतंय म्हणजे नंबर बरोबर, असं मात्र नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज नंबर तपासतो. तरुण डोळा जास्तीचा मायनस स्वतःच्या जोरावर पचवतो. आतलं नैसर्गिक भिंग स्नायू आवळून फुगवतो आणि अक्षरं स्पष्ट होतात, पण तो स्नायू दिवसभर आवळलेलाच राहतो.

अलीकडेच चोवीस वर्षांची एक मुलगी आली होती. जुना नंबर −२.२५, नवा −३.००. दिवसभर स्क्रीनवर काम करून संध्याकाळी तपासणीला गेली होती. "हे बरं की ते?" विचारल्यावर दर वेळी जास्त काळी दिसणारी अक्षरं तिने निवडली. जास्त मायनसने अक्षरं थोडी लहान आणि गडद होतात, आणि तेच माणसाला जास्त स्पष्ट वाटतं. ४० सेंटिमीटरवर वाचायला डोळ्याला साधारण २.५ नंबरचा जोर लावावा लागतो, तिला ३.२५ चा लावावा लागत होता.

मी आधी जादा प्लस घालून नजर मुद्दाम धूसर केली आणि पाव-पाव नंबरने तो कमी करत आणला. −२.२५ वरच शेवटची ओळ वाचता आली. लाल-हिरव्या तक्त्यावर −३.०० ने हिरव्यातली अक्षरं ठळक दिसत होती, ही जास्त मायनसची खूण. चश्मा बदलल्यावर तिचं कपाळ दुखणं थांबलं.

तुम्हाला घरी अंदाज घेता येईल. चश्मा काढा, एक डोळा झाका (दाबू नका), बारीक छापील मजकूर नाकाजवळून हळूहळू लांब न्या. अक्षरं जिथे पुसट व्हायला लागतात ते अंतर मोजा आणि १०० ला त्या सेंटिमीटरने भागा. ४४ सेंटिमीटर आले तर नंबर २.२५ च्या आसपास. चश्म्यात −३.०० असेल तर शंकेला जागा आहे. सकाळी, डोळे ताजे असताना करा. थकलेला डोळा आवळलेलाच राहिला तर अंतर खोटं कमी येतं. सिलिंडर नंबर मोठा असेल तर हा हिशेब विश्वासाचा नाही. चश्मा काढून वाचल्यावर डोकं हलकं वाटत असेल, तर तीही खूण धरा.

प्लस जास्त झाला तर ते लगेच कळतं, कारण डोळ्याला तो पचवता येत नाही. दूरचं पुसट होतं, आणि वाचायच्या चश्म्यात पुस्तक फार जवळ धरावं लागतं.

फेरतपासणीला जुना चश्मा सोबत न्या आणि "धूसर करून तपासा" असं स्पष्ट सांगा. लहान मुलाचा प्रश्न असेल तर डोळ्यात थेंब घालून तपासणी करून घ्या, कारण मुलांचा डोळा एवढा जोर लावतो की थेंबांशिवाय खरा नंबर सहज हाती लागत नाही. डोकेदुखीसोबत उलटी, दिव्याभोवती रंगीत वलयं किंवा लाल डोळा असेल, तर चश्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.