तिसऱ्या वर्षी गाळ्याचं भाडं नेमकं किती?

"मॅडम, दुकानाच्या करारनाम्याचा फोटो पाठवला आहे. महिन्याचं भाडं 6,000 अन् दरसाल 10 टक्के वाढ. भाऊ म्हणते तिसऱ्या वर्षी 7,986 लागतीन, मालक म्हणतात 7,800. दोघायचं जुळूनच नाही राहिलं. ब्लाउज शिवून इतकं निघन का हो? काहून सही केली असं झालं मले."

ताई, दोघंही चुकलेत, आणि चूक एकच आहे. दोघांनी पहिल्याच वर्षी वाढ लावली. तुमच्या कागदावर "बारा महिने पूर्ण झाल्यावर" असं स्पष्ट आहे, म्हणजे पहिलं वर्ष कोरं 6,000 नी जाणार आणि तीन वर्षांत वाढ फक्त दोनदा होणार. भावानं 6,000 ला तीनदा 1.10 नी गुणलं, मालकांनी दहा तिरिक तीस करून सरळ 30 टक्के चढवले.

पण फोटो पाहून मी लगेच आकडा सांगितला नव्हता, कारण कागदाची घडी बरोबर त्या ओळीवरून गेली होती आणि "10 टक्के" च्या पुढचा शब्द सावलीत गेला होता. झूम केलं तर अक्षरं अजूनच फुटत होती. तो शब्द "मूळ" आहे का "चालू" हे कळल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचा हिशोब होतच नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी ताई गावात येणारच होत्या तर अस्सल कागद घेऊन या म्हटलं. बॅगमध्ये मापाची टेप, खडू आणि त्यात चौघडी केलेला करारनामा, म्हणून तर घडी पडली होती. खिडकीजवळ उजेडात सपाट धरला तर "चालू भाड्यावर" निघालं, आकड्यापुढे अक्षरी "दहा" पण होतं, म्हणजे शून्य-बिन्य फोटोत वाढलं नव्हतं.

मग वहीवर मांडलं. करार 1 जून 2024 पासून. मे 2025 पर्यंत 6,000. 1 जून 2025 पासून 6,000 चे दहा टक्के म्हणजे 600 वाढले, झाले 6,600. 1 जून 2026 ला वाढ 6,600 वर, म्हणजे 660, झाले 7,260. वर्षाचे अनुक्रमे 72,000, मग 79,200, मग 87,120, तिन्ही मिळून 2,38,320 रुपये. शब्द "मूळ" असता तर तिसऱ्या वर्षी 7,200 झाले असते, अख्ख्या तीन वर्षांत 720 रुपयांचाच फरक. म्हणजे त्या शब्दापेक्षा वाढ कधीपासून सुरू होते हे जास्त महाग पडतं, भावाच्या हिशोबानं एकूण 2,62,152 होतात, 23,832 जास्त! याच आकड्याला भिऊन ताई गाळा सोडायच्या विचारात होत्या.

आणखी एक पाहिलं, मुदत. आपल्याकडे बरेच कागद अकरा महिन्यांचे असतात, त्यात दहा टक्के लिहिले तरी मालक बाराव्या महिन्यात नवीन करार करून वेगळा आकडा मागू शकतात, मग तीन वर्षांचा हिशोब हा नुसता अंदाज राहतो. यांचा करार पूर्ण 36 महिन्यांचा, नोंदणी केलेला होता. फोटोत हे दिसत नव्हतं कारण त्यांनी फक्त भाड्याचा कलमवाला भागच काढला होता, मुदत आधीच्या पानावर होती. म्हणून मी नेहमी सगळी पानं मागते, लोकांना वाटते मॅडम उगाच त्रास देते.

आता "निघन का" चं. एकूण 2,38,320 ऐकून डोळे मोठे होतात पण ते काही एकदम द्यायचे नाहीत, पाहायचं ते महिन्याचं. तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा 1,260 जास्त. साध्या ब्लाउजची शिलाई त्या 150 घेतात, म्हणजे महिन्याला नऊ ब्लाउज जास्त, तेही दोरा-अस्तर धरलं नाही तर. लग्नसराईत नऊ म्हणजे काहीच नाही, दोन दिवसांचं काम. पण वाढ लागते जूनमध्ये, पेरणीच्या ऐन तोंडावर, तेव्हा गावात बियाण्या-खतातच पैसा जातो, ब्लाउज शिवायला कोण टाकतं? माझ्या मते खरी अडचण ही आहे, टक्के नाहीत. म्हणून मार्च ते मे मध्ये दर महिन्याला 1,260 बाजूला काढा म्हटलं, तिसऱ्या वर्षीच्या जून, जुलै, ऑगस्टची वाढीव रक्कम त्यातून सुटते.

मालकांकडे भांडायला जाऊ नका, कागदच ठेवा पुढे म्हटलं. तीन ओळी लिहून दिल्या, तारीख आणि त्या तारखेपासूनचं भाडं, बस. मालकांनी आधी 7,800 चाच हेका धरला, मग चष्मा लावून कलम वाचलं आणि म्हणाले, "मी तं अंदाजानं बोललो होतो." त्या तीन ओळींखाली दोघांच्या सह्या झाल्या. आता तो कागद ताईंनी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, या वेळी घडी न करता, प्लास्टिकच्या फाइलीत.