टॉप-अप घ्यावा की मूळ पॉलिसीच वाढवावी?

"मॅडम, माझं वय ५१, बायकोचं ४७. निपाणीत दुकान आहे. दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी आहे. मेव्हण्याचं कोल्हापूरला ऑपरेशन झालं, ते बिल बघून झोप उडाली. एजंट म्हणतो, दहा लाखांचा टॉप-अप घ्या, स्वस्तात होतंय. मुलगा म्हणतो, मूळ पॉलिसीच पंधरा लाखांची करा. मला शुगर आहे. काय करावं?"

एजंटला आधी एकच विचारा: हा टॉप-अप की सुपर टॉप-अप? नावात एका शब्दाचा फरक आहे, पण खानापूरच्या एका निवृत्त शिक्षकांना तो पावणेतीन लाखांना पडला.

दोन वर्षांपूर्वी ते निळी फाइल घेऊन बेळगावला माझ्याकडे आले. प्रत्येक बिलाला टाचणी, वर पेन्सिलने तारीख. मूळ पॉलिसी पाच लाखांची, वर दहा लाखांचा साधा टॉप-अप. जूनमध्ये सरांची अँजिओप्लास्टी झाली, बिल ३,६०,००० रुपये. ऑक्टोबरमध्ये बाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, बिल ४,१०,०००. एकूण ७,७०,०००. मूळ पॉलिसीने पाच लाख दिले आणि ती संपली. संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळण्याची सोय त्यांच्या पॉलिसीत नव्हती. उरलेल्या २,७०,००० साठी त्यांनी टॉप-अपकडे दावा लावला आणि तो नाकारला गेला. कंपनीचं चुकलं नव्हतं. साध्या टॉप-अपमध्ये पाच लाखांचा उंबरठा, म्हणजे डिडक्टिबल, प्रत्येक दाव्याला वेगळा मोजतात, आणि त्यांचं एकही बिल पाच लाखांवर गेलं नव्हतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात. तो असता तर हे पैसे मिळाले असते. सर कितीतरी वेळ त्या दोन बिलांकडे बघत बसले होते.

म्हणून साधा टॉप-अप मी कुणालाच सुचवत नाही. सुपर टॉप-अप मात्र खरंच स्वस्त पडतो, कारण पहिल्या पाच लाखांचा भार त्याच्यावर नसतो आणि बहुतेक दावे तेवढ्यातच मिटतात.

मग मुलाचं म्हणणं सोडून द्यायचं का? तुमच्या पॉलिसीच्या कागदात "रूम रेंट" हा शब्द शोधा. जुन्या पॉलिसींमध्ये बऱ्याचदा खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच मंजूर असतं. तुमच्या पाच लाखांवर ते दिवसाला ५,००० होतं. पुण्याला ८,००० ची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजारच खिशातून जातील असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाचच हिस्से मंजूर होतात. असे खर्च १,६०,००० झाले तर मिळणार १,००,०००. साठ हजार तुमचे. औषधं आणि स्टेंटसारखे इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, तेवढाच दिलासा. आणि एकूण बिल पाच लाखांच्या आत असेल तर हे साठ हजार सुपर टॉप-अपही भरून देत नाही. पायातच खड्डा असेल तर वर मजला चढवून तो बुजत नाही.

तेव्हा अशी अट असेल तर आधी मूळ पॉलिसी खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या प्लॅनमध्ये नेऊन दहा लाखांची करा, आणि वर दहा लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या. अट नसेल तर पाच लाख तसेच ठेवा आणि पाच लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप पुरे. सुपर टॉप-अपच्या कागदातही खोलीभाड्याची ओळ वाचा. कोटेशन नवीन मागवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जुने आकडे धरू नका.

शुगर दोन्हीकडे लिहायचीच. "लहानशी गोळी आहे, नको लिहायला" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. दावा नाकारायला ते एक कारण पुरतं. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. तुमच्या जुन्या पाच लाखांवर तो कदाचित संपलाही असेल, पण वाढवलेल्या रकमेवर किंवा नव्या सुपर टॉप-अपवर तो पहिल्यापासून मोजतात. त्या काळात शुगरमुळे आलेल्या आजाराला जुने पाच लाखच हाताशी असतील, हे धरून चाला. म्हणूनच पुढच्या वर्षी बघू म्हणण्यात नुकसान आहे.

शेवटी तारीख. तुमचं नूतनीकरण एप्रिलमध्ये असेल आणि सुपर टॉप-अप नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, तर जूनचं बिल एका वर्षात आणि डिसेंबरचं दुसऱ्या वर्षात मोजलं जाईल, आणि सरांसारखीच गत होईल. दोन्ही पॉलिसी शक्यतो एकाच महिन्यात सुरू करा. येताना पॉलिसीचं पहिलं पान पुरणार नाही, अटींची पूर्ण पुस्तिका आणा.