बुकिंगच्या कागदावर तारखा लिही

अनेक आशीर्वाद.

डिसेंबरातल्या लग्नाच्या फोटोग्राफीसाठी तू पाठवायला काढलेला बुकिंगचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. ‘बुकिंग कन्फर्म आहे. २५,००० ॲडव्हान्स मिळाले. बाकी पेमेंट कार्यक्रमाआधी. कॅन्सल केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.’ यात खोटं काही नाही, पण भांडण झालं तर यातल्या एकाही वाक्याचा तुला आधार मिळणार नाही.

‘२५,००० मिळाले’ म्हणजे कोणाकडून? तूच फोनवर सांगितलंस की १५,००० मुलीच्या वडिलांनी रोख दिले आणि १०,००० नवऱ्या मुलाने यूपीआयने पाठवले. मग तसंच लिही: १४ सप्टेंबरला रोख १५,००० अमुक यांच्याकडून, त्याच दिवशी यूपीआयने १०,००० तमुक यांच्याकडून, व्यवहार क्रमांक अमुक. पैसे परत करायची वेळ आली तर ज्याने दिले त्यालाच परत जातील, हेही तिथेच लिही. दोन घरांचे पैसे असले की ही ओळ फार उपयोगी पडते. त्याखाली हिशेब मांड: एकूण ८०,०००, मिळाले २५,०००, बाकी ५५,०००.

आता ‘कार्यक्रमाआधी’. ६ तारखेला हळद, ७ ला लग्न. मुलीचे वडील ७ तारखेच्या सकाळी तुला ‘आधी’च पैसे देतील, पण तेव्हा ते मांडवात आणि तू कॅमेऱ्यामागे. शिवाय व्हिडिओवाल्याला आणि मदतनिसाला तुला त्याआधीच पैसे द्यायचे असतात. म्हणून लिही: ‘४०,००० रविवार, ३० नोव्हेंबरपर्यंत.’ उरलेले १५,००० अल्बम मिळाल्यावर घेईन असं मात्र कधीही लिहू नकोस. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचे असतात घरच्यांनी, आणि ते काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. तुझं काम संपलेलं असतं आणि पैसे त्यांच्या सवडीवर अडकतात. ‘सगळ्या फोटोंची लिंक ७ जानेवारीपर्यंत देईन, १५,००० त्यानंतर दहा दिवसांत’ असं लिही. म्हणजे तारीख तुझ्यावरही येते आणि त्यांच्यावरही.

रद्द करण्याचं कलम सगळ्यात जपून लिही. ‘परत मिळणार नाही’ एवढं लिहून पैसे आपोआप आपले होत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. म्हणून तू किती ठेवणार आणि का, हे तुला समोर बसून सांगता आलं पाहिजे. माझा सल्ला असा: ६ नोव्हेंबरपर्यंत, तो दिवस धरून, लेखी कळवलं तर १०,००० ठेव आणि १५,००० परत दे, कारण ती तारीख अजून दुसऱ्या कोणाला देता येण्यासारखी असते. त्यानंतर कळवलं तर पूर्ण २५,००० ठेव, कारण आता दुसरं काम मिळणं कठीण आणि माणसं ठरवून झालेली. ‘३० दिवस आधी’ असं लिहू नकोस. हळदीपासून मोजायचे की लग्नापासून, यावरच वाद होतो. तारीख लिहिली की मोजायचंच उरत नाही.

आणि पुढे ढकलणं हे रद्द करणं नव्हे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका घरी लग्नाच्या बारा दिवस आधी आजी गेल्या, सुतक आलं, तारीख पुढे गेली. माझ्या कागदात फक्त ‘कॅन्सल’ हा शब्द होता. मी त्यावर बोट ठेवून ॲडव्हान्स ठेवून घेतला. ते चुकलंच माझं, आणि ते घर पुन्हा माझ्याकडे आलं नाही. तू स्वतंत्र ओळ घाल: घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण आल्यास सहा महिन्यांच्या आतली नवी तारीख एकदा देता येईल, ॲडव्हान्स तिला लागू होईल; त्या दिवशी मी मोकळी नसेन तर तोवर झालेला खर्च वजा करून बाकी परत.

तशीच एक ओळ तुझ्या बाजूची. तू आजारी पडलीस तर त्यांना पसंत असलेला दुसरा फोटोग्राफर, नाहीतर पूर्ण पैसे सात दिवसांत परत. ही ओळ वाचल्यावर वरची कलमं त्यांना जाचक वाटत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

हे सगळं एका पानात बसतं. पीडीएफ करून मुलीच्या वडिलांना आणि नवऱ्या मुलाला, दोघांनाही व्हॉट्सॲपवर पाठव आणि ‘वाचलं, मान्य आहे’ असं उत्तर लिहून माग. नुसत्या निळ्या खुणांवर थांबू नकोस. उत्तर आलं की मगच डायरीत ती तारीख शाईने लिही.