दीड पान लिहून पाचपैकी दोनच मार्क?

"मॅडम, दीड पान उत्तर लिहिलं, चुकीचं काहीच नाही, तरी ५ पैकी २. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरू का?"

भर, पण त्याआधी उत्तरपत्रिकेची कॉपी आणि मार्किंग स्कीम शेजारी ठेवून बस. निकालानंतर हेच विचारायला इतकी मुलं येतात, त्यातल्या एकीचं सांगते. तिला प्रश्न होता, तापमान वाढवत नेलं की एन्झाइमच्या क्रियेचा वेग आधी वाढतो आणि मग घसरतो, कारणं द्या. पहिल्या भेटीत ती नुसती रडत होती, म्हणाली, "सरांनी वाचलंच नाही."

मी वाद घातला नाही. माझं ठाम मत आहे की दुखावलेल्या मुलाला आपण पटवायला जाऊ नये, पुरावा त्याच्याच हातात द्यावा. पुढच्या भेटीत तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, आता एक्झॅमिनर तू.

स्कीममध्ये पाच मुद्दे, प्रत्येकी एक मार्क: उष्णतेने रेणूंचा वेग आणि टकरा वाढतात, ठराविक तापमानाला वेग सगळ्यात जास्त असतो, त्यापुढे प्रथिनाचा आकार धरून ठेवणारे बंध तुटतात, त्यामुळे ॲक्टिव्ह साइटचा आकार बदलतो, मग सब्स्ट्रेट तिथे बसत नाही. तिच्या उत्तरात पहिलं पाऊण पान एन्झाइमची व्याख्या आणि प्रकार, सगळं बरोबर, पण ते विचारलेलंच नव्हतं. पहिले दोन मुद्दे मिळाले. मग एका वाक्यावर पेन्सिल थांबली, 'जास्त तापमानाला एन्झाइम मरतात'.

"हे बरोबरच आहे ना?"

"एन्झाइम जिवंत असतं का?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "नाही, प्रोटीन आहे ते... म्हणजे बंध तुटतात हे मी लिहिलंच नाही." मला माहीत होतं, तिला ते येत नव्हतं असं नाही, तिने डोक्यात ते पूर्ण केलं होतं आणि कागदावर शॉर्टकट टाकला होता. उत्तर वाचताना मुलं स्वतःच्या डोक्यातलं वाचतात, एक्झॅमिनरला फक्त शाई दिसते. हा फरक तिने स्वतः पकडला, याचं मला खरंच समाधान वाटलं.

पण पेन्सिल पुढे गेली तेव्हा पान उलटल्यावर आकृतीखाली एक ओळ सापडली, 'सब्स्ट्रेट बसत नाही, वेग कमी होतो'. तिथे ना टिक होती ना फुली. हा पाचवा मुद्दा, तपासणीत निसटलेला. म्हणजे पाच नाही, तीन.

मग अर्जात तिने 'मार्क कमी दिलेत' असं लिहिलं नाही, प्रश्न क्रमांक, पान, ओळ आणि स्कीममधला मुद्दा एवढंच लिहिलं. तूही तसंच लिही, आणि असा एकही मुद्दा दाखवता आला नाही तर फी भरू नकोस, कारण 'भरपूर लिहिलंय' याला स्कीममध्ये मार्कच नसतात, शिवाय काही ठिकाणी फेरतपासणीत मार्क कमीही होऊ शकतात, तो नियम आधी वाचून घे. तिचा एक मार्क वाढला.