गोठ्यातल्या पंपाचे पितळी नट का चिरतात?

प्रश्न: "फवारणीचा पंप गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवतो. दोन पावसाळ्यांत गनचा पितळी नट उभा चिरला, आणि पुढची नळी वाकवलेली आहे तिथेच तडकली. गंज नाही, पंप कुठे आपटलेला नाही. दुकानदाराने हलका माल दिला का? आता सगळं स्टीलचं घ्यावं का?"

उत्तर: तुम्ही सांगता त्यावरून दुकानदाराला दोष द्यावा असे वाटत नाही. नट उभा चिरला आणि नळी वाकवल्या जागीच तडकली, या दोन खुणा पुरेशा बोलक्या आहेत. याला ताण-गंज तडा म्हणतात. धातू झिजत नाही, पातळ होत नाही, वरून ठणठणीत दिसतो आणि एके दिवशी काचेसारखा चिरतो.

असा तडा जायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: त्या हवेला बळी पडणारा धातू, ती विशिष्ट हवा किंवा पाणी, आणि धातूत ओढीचा ताण. तुमच्या गोठ्यात तिन्ही जमल्या. पितळात जस्त साधारण १५ टक्क्यांच्या वर गेले की ते अमोनियाला नाजूक होते, आणि बाजारातल्या नट-नळ्यांत ते ३५ ते ४० टक्के असते. जनावरांच्या मुतातला युरिया शेणातल्या जिवाणूंमुळे फुटतो व अमोनिया सुटतो. सकाळी गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरतात तो हाच. पावसाळ्यात धातूवर दमटपणाचा पातळ थर बसतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि हवेतल्या ऑक्सिजनसोबत काम सुरू करतो.

राहिला ताण. तो पंप चालू नसतानाही असतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नळी कारखान्यात ओढून आणि वाकवून केलेली असते, तो ताण तिच्यात तसाच कोंडून राहतो. नटात तो आपण घालतो. भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून वर पान्याने आवळले, की आतली चुडी नटाला बाहेर फाकवते. ओढ नटाच्या घेराभोवती असते आणि चीर ओढीला काटकोनात जाते, म्हणून ती उभी. आपटून फुटलेल्या नटावर पोचा दिसतो, इथे तो नसतो. पितळ तांबूस आणि भुसभुशीत झाले असेल, तर ते पाण्याने जस्त खाल्ल्याचे लक्षण. तो रोग वेगळा.

हे कोडे जुने आहे आणि आपल्याच देशातले आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली की तडकत. पुढे कारण कळल्यावर काडतुसे तयार झाल्यावर हलकी तापवून त्यांतला ताण काढू लागले.

तिन्हींपैकी एक गोष्ट काढली तरी तडा जात नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे जागा बदलणे. पंप धुऊन, कोरडा करून घरच्या पडवीत किंवा वेगळ्या खोलीत ठेवा. ओल आलेल्या युरियाच्या गोण्यांशेजारीही नको. गोठ्यात पितळी तोटी असलीच पाहिजे तर ती मूत वाहते त्या गटाराजवळ नको. नट हाताने घट्ट करा आणि पान्याने थोडाच फिरवा. गळत असेल तर जोर लावण्याऐवजी वायसर बदला. नळी घरी वाकवू नका. वर्कशॉपमध्ये वाकवलेली नळी २५० ते ३०० अंशांवर सुमारे तासभर भट्टीत ठेवून ताण काढता येतो, पण गॅसच्या ज्योतीवर हे जमत नाही, कारण उष्णता सारखी लागत नाही. रंग किंवा वार्निशवर भिस्त ठेवू नका, एका ओरखड्यात ते निकामी होते.

चिरलेल्या नटाला डाग देऊन चालवू नका. चीर दिसते त्याच्या पुढेही गेलेली असते, आणि एचटीपी पंपाच्या दाबाखाली तो फुटला तर औषध थेट हातातोंडावर येते.

आता स्टीलचे. अमोनियाच्या हवेत ३०४ स्टेनलेसच्या नळीला असा तडा जात नाही, फवारणीसाठी ती खुशाल घ्या. प्लॅस्टिकचा नट मिळाला तर तोही चालेल. मात्र स्टेनलेसचा वैरी दुसरा आहे: गरम खारे पाणी. दुधाची भांडी धुण्यासाठी खाऱ्या बोअरच्या पाण्यावर ३०४ चा सोलर हीटर बसवाल आणि पाणी ६० अंशांच्या वर ठेवाल, तर टाकी वेल्डजवळ फांद्यांसारख्या बारीक चिरांनी गळू शकते. ३१६ जास्त टिकते, पण तेही अभेद्य नाही. तिथे गोडे पाणी वापरा किंवा तापमान कमी ठेवा.

साध्या लोखंडाची तऱ्हा आणखी निराळी. गोठ्यात ते नुसते गंजते. पण खत कारखान्यात द्रव अमोनियाच्या पोलादी टाकीत हवा शिरली तर टाकीला तडे जातात, आणि ते टाळायला अमोनियात मुद्दाम ०.२ टक्के पाणी ठेवतात. पितळाला जी ओल घातक, तीच या टाकीला वाचवते. म्हणून पुढच्या वेळी भाग घेताना "चांगला माल दाखवा" एवढेच म्हणू नका. तो कुठे राहणार आणि त्यातून काय जाणार, हे दुकानदाराला आधी सांगा.