गप्प असणं आणि गप्प होणं

प्रश्न: "लग्नाला पाच वर्षं झाली. नवरा मुळातच कमी बोलतो. आधी त्याच्याजवळ नुसतं बसून राहायलाही आवडायचं. हल्ली तीच शांतता खुपते. हे समाधान आहे की तो माझ्यापासून लांब चाललाय, ओळखायचं कसं?"

उत्तर:

मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा माणूस आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरात मी आजही कामापुरतं आणि थोडं वर, एवढंच बोलतो. आणि 2017च्या हिवाळ्यात जवळजवळ अडीच महिने मी खरोखरच बायकोपासून लांब गेलो होतो. शेजाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांना काहीच फरक सांगता आला नसता. आधीही गप्प, तेव्हाही गप्प. फरक बायकोला कळला. कशावरून कळला, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेच तुमच्या उपयोगाचं आहे असं वाटतं.

आमच्याकडे डिसेंबरमध्ये रविवारी सकाळी मटार सोलायचा कार्यक्रम असतो. मध्ये एक पातेलं, बाजूला टरफलांसाठी जुना पेपर, आम्ही दोघं खाली बसलेलो. तासभरात चार वाक्यंही होत नाहीत. पण ती सोलताना अगदी कोवळे दाणे निघाले की पातेल्यात न टाकता माझ्या हातावर ठेवते आणि मी ते खातो. हे कधी सुरू झालं आठवत नाही. त्या वर्षी तिनं दाणे हातावर ठेवले आणि मी ते पातेल्यात टाकले. खाल्लं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. मला तर ते कळलंसुद्धा नाही. ती म्हणते, "त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही तिथे नव्हतातच."

झालं होतं ते असं. एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, घरी न सांगता. त्याचे हप्ते थकले आणि ऑक्टोबरमध्ये पतसंस्थेची नोटीस मला ऑफिसच्या पत्त्यावर आली. रक्कम चार लाखांच्या वर. ज्या ठेवीतून ती भरावी लागणार होती, ती आम्ही दोघांनी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवली होती. माझा राग बायकोवर नव्हताच. पण तिच्याशी काहीही बोलायला लागलो की त्या विषयाच्या जवळ जाईन, अशी धास्ती वाटायची. ती म्हणाली, "मुलीच्या क्लासची फी भरायचीय", की फीवरून पैसे आणि पैशावरून ठेव. म्हणून फीबद्दलही "हं" एवढंच. पावसापाण्याबद्दलही "हं". एक गोष्ट झाकायची म्हणून मी सगळाच दरवाजा लावून घेतला होता.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. शांतता किती वेळ टिकते यावरून काही कळत नाही. तिच्यात एखादा खडा टाकला तर काय होतं, यावरून कळतं. आपण सगळेच दिवसभर असे खडे टाकत असतो: "बघ, कावळा भिजलाय किती", "आज आमटी आंबट झालीय का?", नुसता एक उसासा, हातावर ठेवलेले दाणे. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, साद. समोरच्यानं मान वर करून पाहिलं, "कुठे?" विचारलं, नुसतं हसला, तरी तो प्रतिसाद झाला. अबोल माणूसही एवढं करतो, कारण याला शब्द लागतच नाहीत.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नेमकं हेच मोजलं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एक छोटा फ्लॅट प्रयोगशाळेसारखा मांडला होता. नवी लग्न झालेली जोडपी तिथे राहायची, चहा करायची, पेपर वाचायची आणि कॅमेरे ते टिपायचे. सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांचे संसार टिकले होते, त्यांनी त्या फ्लॅटमध्ये जोडीदाराच्या शंभरातल्या सुमारे 86 सादांना प्रतिसाद दिला होता. ज्यांचे मोडले, त्यांनी 33. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की 86 म्हणजे शंभर नव्हे. चांगल्या संसारातही काही सादा वाऱ्यावर जातात. एका संध्याकाळी तो मोबाइलमधून वर बघत नाही, यावरून काही ठरवू नका. भूक लागलेला, नुकता लोकलमधून उतरलेला माणूस कुणाच्याच सादेला ओ देत नाही.

म्हणून दोन आठवडे बघा, आणि वेळा बदलून बघा. तुलना दुसऱ्या कुणाच्या बोलक्या नवऱ्याशी करू नका, त्याच्याच जुन्या गप्प बसण्याशी करा. आधी तो गप्प बसून तुमच्या खोलीत बसायचा की दुसऱ्या? मी त्या काळात घरी पोचल्यावर खाली गाडीवरच दहा-दहा मिनिटं बसून राहायचो. ती झोपल्याची खात्री झाली की मग आत जायचो. फोन टेबलावर पालथा. बायको म्हणते की तोपर्यंत मी बोलत नसलो तरी तिच्या वाटेत असायचो, स्वयंपाकघराच्या दारात उभा, तिच्या खुर्चीच्या हाताला टेकून. तेव्हा मात्र ती एका खोलीत आली की मला दुसऱ्या खोलीत काम निघायचं.

आणखी एक बघा, शांतता मोडते कशी. समाधानाची शांतता कुठूनही मोडते आणि कुणाला लागत नाही. फोन वाजतो, दोघं बोलतात, पुन्हा गप्प होतात. लांब गेलेल्या माणसाची शांतता मोडताना तुम्हालाच आधी वाक्य जुळवावं लागतं, कोणता विषय चालेल याचा अंदाज घ्यावा लागतो. त्याच्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या अंगाला हे आधी कळतं. तुम्ही लिहिलंय की शांतता "खुपते". तो शब्द मी हलका घेणार नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. तुमची साद त्याला साद म्हणून ऐकू येते का? "तुला काय, मोबाइल बरा" हे बोलावणं असलं तरी ऐकणाऱ्याला टोमणाच वाटतो, आणि टोमण्यापुढे गप्प बसणारा माणूस आणखी गप्प बसतो. मग तुम्ही आणखी जोरात विचारता, तो आणखी मिटतो, आणि दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्यानं केली. आमच्याकडेही पहिले पंधरा दिवस हेच चाललं होतं.

एक वेगळी शांतताही आहे. तिची यात गल्लत होते, म्हणून सांगतो: भांडणाच्या मध्येच तोंड मिटणं. आमच्यासारखी माणसं म्हणतात, "शब्दानं शब्द वाढतो." त्यात तथ्य आहे. गॉटमन यांनीच दाखवलं की अशा वेळी नाडी शंभराच्या वर जाते, आणि मग समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरतच नाही. शरीर खाली यायला किमान वीस मिनिटं लागतात. तेव्हा उठून जाणं हे पळणं नव्हे, पण परत यायची वेळ सांगून गेलं पाहिजे. "अर्ध्या तासानं बोलू" म्हणून गेला आणि अर्ध्या तासानं आला, तर ती विश्रांती. न सांगता गेला, दोन दिवसांनी काहीच झालं नाही अशा आवाजात "चहा दे" म्हणाला, तर तो अबोला. अबोल्यात समोरच्याला कळू दिलं जात नाही की हे संपणार कधी. आमच्या घरी नियम आहे की जो उठून जाईल त्यानंच परत येऊन विषय काढायचा.

आता बायकोनं मला बाहेर कसं काढलं. मटारच्या प्रसंगानंतर दोन दिवस ती काही बोलली नाही. मग बुधवारी आम्ही मंडईतून चालत परत येत होतो, पिशव्या दोघांच्या हातात, तोंडं समोर. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर मी नक्की उठलो असतो. ती म्हणाली, "अहो, किती दिवस झाले, तुम्ही माझ्यापाशी बसत नाही. मला करमत नाही. माझं काही चुकलंय, की दुसरंच काही आहे?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "बरं. आज नाही तर नाही. रविवारी परत विचारीन."

बस्स, एवढंच. तुला काय झालंय, तू असाच आहेस, असं एकही वाक्य नाही. तिनं पाहिलेली एक गोष्ट, तिला काय वाटतं ते, आणि दोन पर्यायांचा प्रश्न. आणि मुख्य म्हणजे ठरलेला दिवस. ते चार दिवस मला फार जड गेले, पण मनाची तयारी करायला वेळ मिळाला. रविवारी तिनं विचारलं आणि मी सांगितलं, नोटीस काढून हातात दिली.

ती वाचून ती तासभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आज मला यावर बोलायचं नाही. खूप राग आलाय. उद्या सकाळी बोलू." सकाळी साडेसहाला चहा झाल्यावर तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला घेतला. रक्कम फिटायला तीन वर्षं लागली. मी लपवलं याचा राग त्याहून जास्त टिकला, आणि तो रास्त होता.

माझ्या गोष्टीवरून सगळ्यांचं ठरवता येणार नाही, म्हणून दोन ठिकाणी सावध राहा. तो फक्त तुमच्यापासूनच नाही तर सगळ्यातूनच बाजूला झाला असेल, मित्र, क्रिकेट, आवडीचं जेवण सगळंच सुटलं असेल, झोप उडाली असेल, तर ते तुमच्या नात्याबद्दल नसेल. नैराश्य असू शकतं. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि घरात गप्प राहणाऱ्या तुम्हीच असाल, बोललं की तो अंगावर येतो म्हणून, तर वर लिहिलेलं काहीही करत बसू नका. ती भीती आहे. त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

बाकी, दोन आठवडे पाहूनही सादा परत येत नसतील तर माझ्या बायकोसारखं एकदा विचारा आणि पुन्हा विचारायचा दिवस सांगून ठेवा. त्या दिवशीही "काही नाही" आलं, आणि तिसऱ्यांदाही तेच, तर विवाह समुपदेशकाकडे जा. तो यायला तयार नसेल तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं.